उद्या अकराला बुटीबोरीत

(धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत वाणिज्य शाखेच्या मुलामुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

दुपारी चारला माझ्या भाचीला फोन आला. उद्या सकाळी अकराला बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मुलाखत, अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी. मी घरी पोचले तेव्हा ती कंपनीच्या वेबसाइटवरून स्थापनेचं साल आणि संचालकांची नावं वहीत उतरवत होती. मी म्हटलं, ते राहू दे, आधी त्यांना परत फोन लाव. मुलाखत कोण घेणार आणि कॉम्प्युटरवर काही करून दाखवायचंय का, एवढं विचार.

उत्तर आलं: अकाउंट्स मॅनेजर भेटतील, आधी अर्धा तास टॅलीची चाचणी. त्या दोन मिनिटांच्या फोनने आमची अख्खी संध्याकाळ ठरली. अकाउंट्स मॅनेजर संचालकांची नावं विचारत नाही. मी सतरा वर्षं त्या खुर्चीत बसून माणसं निवडली आहेत, म्हणून खात्रीने सांगते. कंपनी काय बनवते, कच्चा माल कुठून येतो, माल राज्याबाहेर जातो का, एवढं कळलं की पुरे. त्याला अर्धा तास लागतो.

मग जाहिरात समोर घेतली. त्यात कामं पाच होती: खरेदीच्या नोंदी, बँकेचा ताळमेळ, जीएसटीचा ताळमेळ, टीडीएस आणि ई-वे बिल. करसल्लागाराच्या ऑफिसात दोन वर्षं काढल्यामुळे पहिली चार तिच्या हातून गेलेली होती. ई-वे बिल कधीच केलेलं नव्हतं. एका रात्रीत एकच नवी गोष्ट नीट डोक्यात बसते, म्हणून तेवढंच वाचलं. भाग ‘अ’मध्ये बिलाचा तपशील, भाग ‘ब’मध्ये गाडीचा नंबर. माल दुसऱ्या राज्यात जात असेल आणि किंमत पन्नास हजारांवर असेल तर ते लागतं. साध्या मालवाहतुकीत दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत. विचारलंच तर काय सांगायचं तेही ठरवलं: ‘मी स्वतः काढलेलं नाही, पण त्यात काय भरतात ते मला माहीत आहे.’ इथे खोटं बोललात तर पुढच्याच प्रश्नाला उघडे पडता.

खरा वेळ गेला तो बोलण्याच्या सरावात. बायोडेटात ‘जीएसटी रिकन्सिलिएशन’ अशी एक ओळ होती. म्हटलं, यावर बोल, मी मोबाइलवर रेकॉर्ड करते. ती चार मिनिटं बोलली: ‘आम्ही सगळे रिटर्न भरायचो, ताळमेळ बघायचो...’ परत ऐकल्यावर तीच म्हणाली, ‘मावशी, यात मी कुठेच नाही गं.’ मनातल्या मनात उजळणी केली असती तर हे तिला कळलंच नसतं.

मग एकच प्रसंग घेतला. एका पुरवठादाराचं १ लाख १८ हजारांचं बिल, त्यात १८ हजार जीएसटी. बिल खरेदीच्या रजिस्टरमध्ये होतं, पण पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये नव्हतं. हिने शोधलं, तर पुरवठादाराने ११ तारखेच्या आत आपल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, ते दाखवलंच नव्हतं. हिने फोन केला, त्याने पुढच्या महिन्यात दाखवलं आणि क्रेडिट, म्हणजे त्या १८ हजारांची आपल्या करातून वजावट, तेव्हा घेतलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हे दीड मिनिटात बसलं, आणि प्रत्येक क्रियापदाचा कर्ता ‘मी’ होता.

पण प्रसंग सांगून झाला की मॅनेजर तो उकरतो. मी विचारलं, त्याच महिन्यात क्रेडिट का घेतलं नाहीस? ती अडली. काम बरोबर केलं होतं, पण ऑफिसात तसंच करायचे म्हणून. १ जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही, हे कारण तिने तेव्हा नीट वाचलं. सरावाचा उपयोग इथे होतो: काम येतं पण कारण सांगता येत नाही, अशा जागा सापडतात.

रात्री तासभर टॅली. F9 दाबून खरेदीची नोंद, मग बँकेचा ताळमेळ. एक चूक मी कितीदा पाहिली आहे: नोंद अचूक असते, तारीख मात्र मागच्या व्हाउचरची राहून जाते. F2 ने तारीख बदलायचं सुचतच नाही. मग रिपोर्टमध्ये नोंद दिसत नाही आणि मुलगी घाबरून तीच नोंद पुन्हा करते. म्हणून चाचणीत पहिली नजर तारखेवर.

साडेदहाला सगळं बंद. मेट्रो खापरीपर्यंतच, पुढे बस, म्हणून सकाळी साडेआठला निघायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने तो प्रसंग ऐकला आणि विचारलं, ‘पुरवठादार फोनच उचलत नसता तर?’ हा प्रश्न आम्ही घेतला नव्हता. ती जरा थांबून म्हणाली, ‘पुढच्या बिलाच्या पेमेंटमधून ते १८ हजार रोखून ठेवण्याबद्दल साहेबांना विचारलं असतं.’ त्यावर पंधरा मिनिटं नुसत्या पुरवठादारांच्या थकलेल्या बिलांवरच बोलणं झालं.