मधलं अक्षर: खोंग घराण्याच्या पिढ्यांची नोंद

शानतुंग प्रांतातलं च्यूफू हे कन्फ्यूशियसचं गाव. त्याच्या वंशजांचं आडनाव खोंग. इथं दोन अनोळखी खोंग भेटले, तर नातं ठरवायला वय विचारून भागत नाही. आधी नावातलं मधलं अक्षर कळावं लागतं.

चिनी नावात आडनाव पहिलं येतं, मग पिढीचं अक्षर आणि शेवटी माणसाचं स्वतःचं. सख्खे असोत की चुलत, एका पिढीतल्या भावांचं मधलं अक्षर एकच.

एक उदाहरण पाहू. चीनचे एकेकाळचे अर्थमंत्री खोंग श्यांग-शी यांचा जन्म १८८० सालचा, दूरच्या शान्शी प्रांतातला. ‘श्यांग’ म्हणजे पंचाहत्तरावी पिढी. त्याच काळात च्यूफूच्या वाड्यात घराण्याचे प्रमुख होते खोंग लिंग-यी, जन्म १८७२. ‘लिंग’ ही शहात्तरावी पिढी. म्हणजे वयानं आठ वर्षांनी मोठे असलेले लिंग-यी नात्यानं पुतण्याच्या पायरीवर, आणि धाकटे श्यांग-शी काकांच्या! श्यांग-शींनी आपल्या मुलांच्या नावातही ‘लिंग’च घातलं, त्यामुळे ती मुलं थेट घराण्याच्या प्रमुखाची भावंडं ठरली.

ही अक्षरं आईवडील निवडत नाहीत. ती आधीच ठरलेली असतात, तीही पाच-पाच अक्षरांच्या ओळींत, कवितेसारखी: लिंग, द, वेइ, छ्वेइ, यौ. शहात्तर ते ऐंशी, पाच पिढ्या एका दमात म्हणता येतात. जुन्या ओळी मिंग काळापासून चालत आल्या. पंच्याऐंशीव्या पिढीनंतर अक्षरं संपणार, म्हणून लिंग-यींनी आणखी वीस ठरवली. आज जन्मालाही न आलेल्या एकशे पाचव्या पिढीचं अक्षर त्यामुळे तयार आहे.

मध्येच एक अडचण आली होती. एकसष्टाव्या पिढीचं ‘होंग’ हे अक्षर सम्राट छ्येनलोंगच्या नावात होतं, आणि सम्राटाच्या नावातलं अक्षर लिहायला मनाई. मग उच्चार तोच ठेवून दुसरं ‘होंग’ लिहू लागले.

हे सगळं उतरतं वंशग्रंथात. अशा ग्रंथांच्या तक्त्यांत साधारणपणे एका पिढीची एक आडवी रांग असते, त्यामुळे चुलत भावंडं शेजारीशेजारी दिसतात. खोंगांचा ग्रंथ १९३७ नंतर थेट २००९ साली नव्यानं निघाला: ८० खंड, वीस लाखांहून जास्त नावं. त्यात मुलींची नावंही पहिल्यांदाच आली. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. इतक्या शतकांच्या लेकी त्याआधी कागदावर नव्हत्याच.

पण विसाव्या शतकात आडनावापुढे एकच अक्षर ठेवायची पद्धत रुजली आणि पिढीचं अक्षर गळालं. अशा माणसाची पिढी नावावरून सांगता येत नाही. त्याच्या वडिलांचं नाव विचारायचं, तिथंही अक्षर नसेल तर आजोबांचं. कुठंतरी ‘श्यांग’ सापडला, की तिथून एकेक पायरी खाली मोजत यायचं.