ओठ आधी, आवाज मागाहून

[दृश्य: टीव्हीच्या पडद्यावर बोलणाऱ्या माणसाचा चेहरा, अगदी जवळून. आवाज बंद.]

‘आई’ म्हणताना ओठ मिटत नाहीत. ‘बाबा’ म्हणताना दोनदा मिटतात आणि दोनदा उघडतात. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजनं म्हणजे आवाज आणि चित्र जुळतंय की नाही हे तपासायची सगळ्यात सोपी जागा. ब्लूटूथ हेडफोन लावून टीव्हीवर सिनेमा बघताना डोळ्याला आधी खटकतात ते हेच ओठ. ‘बाबा’चा पहिला ‘बा’ कानावर येतो, तोवर पडद्यावरचे ओठ दुसऱ्यांदा उघडलेले असतात.

हा उशीर साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांचा असतो. आपण हिशोबासाठी दोनशे धरू, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. एका सेकंदात २५ चित्रं दाखवणाऱ्या प्रसारणात तेवढ्या वेळात पाच चित्रं पुढे सरकतात.

[दृश्य: आवाज येतो, ओठांच्या मागून.]

हे दोनशे मिलिसेकंद जातात कुठे? हवेतून जाण्यात नक्कीच नाहीत. रेडिओलहर खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला पोचायला लागणारा वेळ मोजण्याइतकाही नसतो. वेळ जातो थांबण्यात.

एकाच ‘बा’चा प्रवास पाहू. टीव्ही आवाज जसाच्या तसा पाठवत नाही, आधी तो आवळून लहान करतो. या कामाच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत ऐकवणाऱ्या प्रत्येक उपकरणात असावाच लागतो असा कोडेक म्हणजे एसबीसी. आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली मापं म्हणजे नमुने. एसबीसी असे १२८ नमुने एका वेळी घेतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील, तर १२८ नमुने जमायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. पण एवढासा तुकडा एकटा पाठवणं परवडत नाही, म्हणून असे बरेच तुकडे एका पाकिटात भरले जातात. पाकीट भरेपर्यंत पहिला तुकडा थांबून राहतो. दुसरा एक कोडेक, एएसी, एकदम १,०२४ नमुने मागतो. म्हणजे सुरुवातीलाच २३ मिलिसेकंद गेले.

पण खरा वेळ जातो हेडफोनच्या आत. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. घरातला वाय-फाय, शेजारच्या घरातला वाय-फाय, चालू असलेला मायक्रोवेव्ह, सगळे त्याच पट्ट्यात. मध्ये माणूस उभा राहिला तरी लहर अडते, कारण शरीरातलं पाणी ती शोषून घेतं. त्यामुळे काही पाकिटं वाटेत खराब होतात आणि पुन्हा मागवावी लागतात. आलेला आवाज हेडफोनने लगेच वाजवला असता, तर अशा प्रत्येक वेळी गाणं तुटलं असतं. म्हणून हेडफोन आधी थोडा आवाज साठवतो आणि मगच वाजवायला घेतो.

[दृश्य: इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, खाली चालू नळ.]

गच्चीवरच्या टाकीसारखंच हे. नगरपालिकेचं पाणी मध्येच गेलं तरी घरातला नळ चालू राहतो, कारण वर साठा आहे. या साठ्याला बफर म्हणतात. बऱ्याच हेडफोनांत तो शंभर-दीडशे मिलिसेकंदांचा किंवा त्याहूनही मोठा असतो, आणि तो जेवढा मोठा, तेवढाच आवाज उशिरा. म्हणजे हा उशीर बिघाडाचा नाही. गाणं तुटू नये म्हणून मुद्दाम मोजलेली ती किंमत आहे. नुसतं गाणं ऐकताना ती जाणवत नाही, कारण समोर जुळवून बघायला ओठ नसतात.

मग त्याच हेडफोनवर मोबाइलवरचा व्हिडिओ बरोबर का दिसतो? कारण तिथे आवाज लवकर आलेला नसतो, चित्र मागे धरलेलं असतं. आपल्याकडे किती उशीर होतो हे हेडफोन फोनला कळवू शकतो. व्हिडिओ दाखवणारं ॲप फोनकडून तो आकडा घेतं आणि चित्र तेवढंच उशिरा दाखवतं. आकडा चुकीचा असेल, किंवा टीव्हीसारखं उपकरण तो विचारातच घेत नसेल, तर मात्र गडबड उघडी पडते.

किती गडबड चालते? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयूने १९९८ साली प्रसारणासाठी याचे आकडे दिले. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला, किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला, की माणसाला ते कळू लागतं. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. लांबच्या नदीवर कपडे धुताना आधी हात खाली येताना दिसतो, मग धपका ऐकू येतो. आवाज मागून येण्याची आपल्याला सवय आहे, आधी येण्याची नाही. त्यामुळे आपल्याला उशीर शून्यावर आणायचा नाही. तो शंभरच्या खाली आला तरी ओठ जुळल्यासारखे वाटतात.

[दृश्य: लॅपटॉपसमोर स्टँडवर मोबाइल. हेडफोनचा एक कप मोबाइलच्या माइकला टेकवलेला.]

आता मोजायचं कसं ते पाहू, कारण अंदाजाने बटणं दाबत बसण्यात संध्याकाळ जाते. टाळ्या वाजवतानाचा एक छोटा व्हिडिओ लॅपटॉपवर घ्या. मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला ६० चित्रांवर ठेवा. आधी लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर टाळी वाजू द्या आणि पडद्यासकट ती मोबाइलवर चित्रित करा. मग ब्लूटूथ जोडा, हेडफोनचा कप मोबाइलच्या माइकला टेकवा आणि तीच टाळी पुन्हा चित्रित करा. आवाजाची लाट दाखवणाऱ्या कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये दोन्ही चित्रणं उघडा. तळहात भिडले ते चित्र आणि लाट एकदम उसळली ती जागा, यांच्यामध्ये किती चित्रं गेली ते मोजा.

समजा स्पीकरच्या वेळी एक चित्र गेलं आणि ब्लूटूथच्या वेळी तेरा. पहिलं एक चित्र वजा करायचं, कारण तो लॅपटॉपचा आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा फरक आहे. उरली बारा. प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं, म्हणजे बारा चित्रांचे दोनशे मिलिसेकंद. हा तुमच्या हेडफोनचा आणि त्या लॅपटॉपचा आकडा. जोडी बदलली की आकडा बदलतो. मोबाइलवर मोजलेला टीव्हीला लावू नका.

स्पीकरवरही आवाज तितकाच मागे असेल, तर दोष ब्लूटूथचा नाही, फाइलचाच आहे. आणि सुरुवातीला जुळलेला आवाज अर्ध्या तासाने मागे पडत गेला, तर तोही वेगळा आजार आहे. ब्लूटूथचा उशीर साधारण सारखाच राहतो, म्हणून तर तो वजा करता येतो.

[दृश्य: लॅपटॉपचा कीबोर्ड. बोट J या बटणावर.]

विंडोज किंवा लिनक्सवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल चालू असताना J दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद पुढे ओढला जातो. K दाबलं की तेवढाच मागे जातो. आपले दोनशे आहेत, म्हणून J चार वेळा. पडद्यावर उणे दोनशेचा आकडा दिसतो. हेच काम Tools मेनूतल्या Track Synchronization मध्ये -0.200 लिहूनही होतं. पुढची फाइल लावली की आकडा पुन्हा शून्य होतो, तेव्हा पुन्हा चारदा दाबावं लागतं. एमपीव्ही हा प्लेअर वापरत असाल तर सुरू करतानाच सांगता येतं:

```
mpv --audio-delay=-0.2 cinema.mp4
```

उणे चिन्ह विसरलं तर उशीर दोनशेचा चारशे होतो. बहुतेक जण अडकतात ते इथेच.

टीव्हीवर दोन सापळे आहेत. पहिला, साउंडच्या सेटिंगमधला ‘ऑडिओ डिले’. नाव वाचून वाटतं की औषध सापडलं. पण बहुतेक टीव्हींवर तो आवाजाला फक्त आणखी उशीर करू शकतो, कारण तो साउंडबारसारख्या, चित्राच्या आधी पोचणाऱ्या आवाजासाठी असतो. तो शून्यावर आहे ना, एवढंच पाहा. काही टीव्हींमध्ये ब्लूटूथच्या पानावर ‘ए/व्ही सिंक’ नावाची वेगळी सोय असते. ती चित्र मागे धरते आणि ती मात्र उपयोगी आहे.

दुसरा सापळा गेम मोडचा. टीव्हीचा गेम मोड चित्रावरची सजावट बंद करून ते लवकर दाखवतो. चित्र लवकर आलं की आवाज आणखीच मागे पडल्यासारखा वाटतो. म्हणून सिनेमा बघताना टीव्हीचा गेम मोड बंद हवा. हेडफोनच्या ॲपमधला गेम मोड मात्र चालू हवा, कारण तो बफर लहान करतो. नाव एकच, परिणाम उलटे. बफर लहान झाल्यावर आवाज अधूनमधून तुटू लागला, तर टीव्ही आणि तुमच्यामध्ये माणूस किंवा कपाट येत नाही ना ते बघा आणि वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.

[दृश्य: टीव्हीच्या पाठीमागे ऑप्टिकल पोर्ट, त्यातून निघणारी केबल, छोटा ट्रान्समीटर.]

टीव्हीला ए/व्ही सिंक नसेल, तर त्याच्या ऑप्टिकल पोर्टला वेगळा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावता येतो. तो ॲपटीएक्स लो लेटन्सी जातीचा असेल तर उशीर चाळीस मिलिसेकंदांच्या आसपास येतो. पण अट कडक आहे: ट्रान्समीटर आणि हेडफोन दोघांनाही तोच कोडेक यायला हवा. एकाला येत नसेल तर दोघं न सांगता एसबीसीवर उतरतात आणि ओठ होते तिथेच राहतात. खोक्यावर नुसतं ‘ॲपटीएक्स’ लिहिलेलं पुरत नाही, ‘लो लेटन्सी’ हे शब्द हवेत. एलडॅकसारख्या कोडेकने आवाज अधिक स्वच्छ होतो, पण लवकर येत नाही. गुणवत्ता आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन उपकरणांत येणाऱ्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीचा एलसी३ कोडेक दहा मिलिसेकंदांच्या तुकड्यांवर चालतो आणि एकूण उशीर कमी ठेवू शकतो. तिथेही दोन्ही टोकांना तो असावा लागतो.

हेडफोनला साडेतीन मिलिमीटरची जॅक असेल तर टीव्ही बघताना वायर लावा. पाच मीटरच्या वायरने सोफ्यापर्यंत सहज पोचता येतं.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर तबल्याचं ॲप. बोट शाईवर पडतं. थाप मागून येते.]

चित्र मागे धरण्याची युक्ती पुढे काय येणार हे आधीच माहीत असेल तरच चालते. सिनेमाची फाइल प्लेअरच्या हातात असते. मोबाइलवरच्या तबल्यावर तुमचं बोट कधी पडणार हे फोनला माहीत नसतं. बोट पडल्यावर बोल तयार होतो, आवळला जातो, पाकिटात भरतो, टाकीत थांबतो आणि मग कानावर येतो. साध्या लयीत, मिनिटाला १२० मात्रांवर, एक मात्रा पाचशे मिलिसेकंदांची असते. दोनशेचा उशीर म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. तिथे J दाबून काही होत नाही. वायर लावली की थाप बोटाखाली येते.