‘हॅपी’मधला प कुणाचा?

(पडद्यावर: ओठांसमोर धरलेली कागदाची पट्टी)

पट्टीकडे लक्ष ठेवा. बोलणाऱ्या बाईंची मातृभाषा इंग्रजी आहे. त्या ‘अपिअर’ म्हणतात आणि पट्टी फडफडते, कारण प सोबत हवेचा झोत बाहेर पडतो. आता त्या म्हणतात, ‘हॅपी’. पट्टी जेमतेम हलते. प दोन्हीकडे दोन स्वरांच्या मधोमधच आहे. (घरी करून पाहाल तर पट्टी दोन्ही वेळा गप्प राहील. आपला मराठी प मुळातच बिनझोताचा.)

(फळ्यावर खडूने लिहिणारा हात)

शब्दाचे उच्चारातले तुकडे, म्हणजेच सिलॅबल, पाडायचा नेहमीचा नियम म्हणजे मॅक्झिमल ऑनसेट प्रिन्सिपल. मधली व्यंजनं जितकी जमतील तितकी पुढच्या स्वराला द्यायची. अट एवढीच, की त्यांनी इंग्रजी शब्द सुरू होऊ शकला पाहिजे. ‘एक्स्ट्रा’त ‘स्ट्र’ पुढे जातं, कारण ‘स्ट्रीट’ आहे. क मागे राहतो. देवनागरीत वाढलेल्यांना हे सहज पटतं. आपणही सि-टी, हॅ-पी असंच तोडतो.

पण मग ‘अपिअर’ आणि ‘हॅपी’, दोन्हींत प पुढच्याच सिलॅबलचा ठरतो आणि पट्टीतला फरक समजत नाही. शिवाय ‘हॅ’ एकटा पडतो. इंग्रजीत हॅट आहे, कॅट आहे, सिट आहे. पण आघात, म्हणजे उच्चारातला जोर, घेऊन अशा आखूड स्वरावरच संपणारा नेहमीचा शब्द शोधून सापडत नाही. त्या स्वराला मागून व्यंजनाचा आधार लागतो.

डॅनियल कान यांनी 1976 च्या एमआयटीतल्या प्रबंधात यावर तोड मांडली: असं व्यंजन दोन्ही सिलॅबलचं मानायचं, अँबिसिलॅबिक. म्हणजे प दोनदा उच्चारायचा नाही. ‘पक्का’ म्हणताना आपण क वर थांबतो, तसं ‘हॅपी’त कुणी थांबत नाही. स्पेलिंगमध्ये दोन पी असले तरी उच्चारात प एकच.

(पडद्यावर: ध्वनीलेख, अमेरिकन आवाज)

‘अटॅक’मध्ये ट साठी आवाज पूर्ण बंद होतो आणि मग झोत येतो. ‘सिटी’त जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला निसटता स्पर्श करून जाते. बघा, केवढीशी फट! जेमतेम 30 मिलिसेकंद. कानाला तो ट जवळजवळ ड वाटतो. आघात असलेल्या सिलॅबलच्या आरंभी ट असा सैल पडत नाही.

अभ्यासकांचं एकमत नाही. जॉन वेल्स तो ट सरळ आघाताच्या बाजूला टाकतात, सिट-ई. काहींच्या मते दुहेरी मालकीची गरजच नाही, आघाताची मांडणी पाहिली की पुरतं. पण ट सैल पडतो, हे सगळ्यांना मान्य आहे. म्हणून आधी कानाने ऐकावं, रेघ नंतर मारावी.

(वर्गात टाळ्या वाजवणारी मुलं)

सि-टी, हॅ-पी. एवढंच शिकलेल्या मुलांना अमेरिकन माणसाचं ‘सिटी’ पहिल्यांदा ऐकताना ओळखू येत नाही.