शंकरपाळं की सरळ ओळ? मधल्या फळीतल्या चौघांची गोष्ट
(दादर येथे फुटबॉलप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पाऊस असूनही एवढी गर्दी झाली, यावरून एवढं नक्की कळतं की आज मैदानं बंद आहेत. मैदान चालू असतं तर तुमच्यातले निम्मे इथे नसते, आणि मीही नसतो.

विषय तुम्हाला माहीत आहे. मधल्या फळीत चार खेळाडू आहेत. त्यांना एका ओळीत उभं करायचं, म्हणजे दोन विंगर कडेला आणि दोघं मध्ये, की डायमंड करायचा? डायमंड म्हणजे एक बचाव फळीच्या पुढे, एक दोन स्ट्रायकरांच्या मागे, आणि दोघं बाजूला पण आतल्या अंगाला. आमची मुलं त्याला शंकरपाळं म्हणतात, आणि मला तो शब्द आवडतो, कारण त्यात आकार लगेच दिसतो. लांबट, टोकं पुढे-मागे, आणि रुंदीला आखूड. त्या आखूडपणातच सगळं आलं. ‘डायमंडमध्ये विड्थ नसते’ हे वाक्य प्रत्येक कोच म्हणतो. पण नसते म्हणजे नेमकं काय होतं, कुणाचे पाय मोडतात, हे कुणी सांगत नाही. मला आज तेच सांगायचं आहे, आणि त्यासाठी एका मॅचची गोष्ट सांगावी लागेल.

परळ-लालबागच्या सोळा वर्षांखालच्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवलं. आमचा सराव कुठे? मैदानाच्या एका कोपऱ्यात, दोन क्रिकेट पिचांच्या मध्ये जी जागा उरते तिथे. ती जागा मी पावलांनी मोजलेली आहे, रुंदी पंचेचाळीस मीटरच्या आसपास. समोरच्याचा चौकार आमच्या पेनल्टी बॉक्समधून जायचा, ते तुम्ही सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. अशा जागेत आमचा डायमंड फार सुंदर चालायचा. मागच्या टोकाला एक शांत डोक्याचा मुलगा, पुढच्या टोकाला एक अवखळ, बॉल पायाला चिकटलेला, आणि बाजूला दोन न थकणारे. बॉल कुणाकडेही असो, त्याला पास द्यायला तिरक्या रेषेत दोघं-तिघं हजर. सरळ ओळीत उभे असलेले संघ आमच्यासमोर नुसते मागे-पुढे धावायचे. गल्लीतल्या, वॉर्डातल्या स्पर्धा आम्ही त्यावर जिंकल्या, आणि मला वाटलं की मला उत्तर सापडलं.

मग एका जुलैत मोठ्या मैदानावर खेळायची संधी आली. पूर्ण मापाचं मैदान, रुंदी अडुसष्ट मीटर. समोर एका शाळेचा संघ होता. तंत्रात आमच्याहून कमी, पण चार-चार-दोन पक्कं घोटलेलं. पहिल्या दहा मिनिटांत आम्ही गोल केला. अगदी ठरल्यासारखा, मधून तीन पास आणि टोकावरचा मुलगा गोलकीपरसमोर एकटा. आमच्या बाजूची मंडळी छत्र्या नाचवत होती. शेवटी आम्ही चार-एक हरलो.

हरलो त्याचं दुःख पचलं. पण मॅचनंतर सगळे आमच्या उजव्या फुलबॅकवर तुटून पडले. ‘याची बाजू उघडी होती’, ‘हा झोपला होता’. स्पर्धेतल्या एका जाणत्या माणसाने त्याच्या तोंडावर सांगितलं की तुझ्यामुळे तीन गोल खाल्ले. पोराच्या पोटऱ्यांना गोळे आलेले, चिखलात बसून तो रडत होता. त्याचे वडील नाइट शिफ्ट करून थेट मैदानावर आलेले होते. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “सर, मला फुटबॉल कळत नाही. पण माझ्या पोरासमोर सारखे दोघं जण येत होते. ते कसं?”

मंडळी, त्या दिवशी त्या मैदानावर सर्वांत अचूक प्रश्न या माणसाने विचारला. चूक मुलाची नव्हती, माझ्या आखणीची होती.

आता ते दोघं कुठून येत होते ते बघा. समोरच्या संघाचा डावा फुलबॅक बॉल घेऊन उभा आहे, टचलाइनजवळ. त्याच्या पुढे त्याचा डावा विंगर. आम्ही सरळ ओळीत असतो, तर त्या फुलबॅकवर आमचा उजवा विंगर गेला असता. तो आधीच त्या बाजूला, दहा-बारा मीटरवर असतो. बॉल येईपर्यंत हाही पोचतो. आमचा फुलबॅक मागे त्यांच्या विंगरपाशी राहतो. एकास एक, हिशेब जुळला.

डायमंडमध्ये तिथे आमचं कुणीच नाही. बाजूचा मुलगा, ज्याला शटलर म्हणतात, तो मैदानाच्या मध्यापासून साधारण बारा मीटरवर उभा असतो. आमच्या सरावाच्या जागेत मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर साडेबावीस मीटर. म्हणजे त्याला दहा मीटर धावायचं होतं. मोठ्या मैदानात मध्यापासून कड चौतीस मीटर, म्हणजे त्याला बावीस मीटर धावायचं. अंतर दुप्पट झालं! आणि चिखलात. तो पोचेपर्यंत समोरचा फुलबॅक बॉल थांबवून, मान वर करून, कुठे टाकायचा हे ठरवून मोकळा झालेला असतो. आखूड जागेने आमचं दुखणं वर्षानुवर्षं झाकून ठेवलं होतं.

यावर कोचकडे तीनच उत्तरं असतात. शटलर जाईल, तर मध्ये त्याची जागा रिकामी पडते, आणि दुसऱ्या बाजूला बॉल फिरवला की पलीकडचा शटलर तितकंच धावतो. फुलबॅक पुढे जाईल, तर त्याच्या पाठीमागे विंगर मोकळा. किंवा दोन स्ट्रायकरांपैकी एक कडेला उतरेल, पण मग ज्या दोन स्ट्रायकरांसाठी डायमंड मांडला त्यातला एक गमावला. मी यापैकी एकही मुलांना नेमून दिलं नव्हतं. प्रत्येक वेळी शटलर आणि फुलबॅक एकमेकांकडे बघायचे. कबड्डीत साखळीतले दोघं एकमेकांकडे बघत राहिले की चढाई करणारा बोनस घेऊन जातो, तसंच ते.

त्या मॅचच्या वहीत माझी नोंद आहे: पहिल्या हाफमध्ये उजवा शटलर एकोणीस वेळा कडेपर्यंत धावला. दुसऱ्या हाफच्या पंधराव्या मिनिटानंतर तो निघायचाच बंद झाला. तिन्ही गोल त्यानंतरचे. डायमंड मोडतोय हे ओळखायचं असेल तर बॉलकडे बघू नका. बॉल समोरच्या फुलबॅककडे गेला की आपला शटलर कितव्या क्षणी पाऊल उचलतो ते बघा. तो उशिरा निघू लागला की पुढच्या दहा मिनिटांत क्रॉसवर क्रॉस येणार.

हे पोरांच्याच खेळात होतं असं नाही. २००५ ची चॅम्पियन्स लीग फायनल आठवा. इस्तंबूल, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. मिलानचा डायमंड म्हणजे या आकाराचा शिखरबिंदूच. मागच्या टोकाला पिर्लो, उजवीकडे गातुसो, डावीकडे सेडॉर्फ, पुढच्या टोकाला काका. लिव्हरपूलने मधल्या फळीत चौघं ठेवले, दोन कडेला आणि मध्ये अलोन्सो, जेरार्ड. दोघांसमोर चौघं! पहिल्या हाफमध्ये काकाला कुणी धरायचं हेच त्यांना उमजत नव्हतं. तिसरा गोल पुन्हा पाहा. काका मध्यात बॉल घेतो, एका वळणात जेरार्डला मागे टाकतो आणि लांब पासवर क्रेस्पो. सरळ ओळीचं दुखणं त्या एका क्षणात दिसतं. ओळ ओलांडली की तिच्या आणि बचाव फळीच्या मधल्या पट्ट्यात राखणीला कुणी नसतं. हाफ टाइमला तीन-शून्य.

मग बेनितेझने काय केलं? सगळे सांगतात, हामान आला. खरं आहे, हामान काकाच्या वाटेत उभा राहिला. पण अर्धीच गोष्ट झाली ती. मागे तिघं ठेवले, जेरार्डला पुढे मोकळं सोडलं, म्हणजे मध्ये चारास चार झाले. आणि डावीकडे रीसा, उजवीकडे स्मिचेर, हे दोघं पार कडेला. आता सांगा, रीसावर कोण जाणार? कॅफू की गातुसो? तोच, त्या वडिलांचा प्रश्न! चोपन्नाव्या मिनिटाला रीसाचा डावीकडून क्रॉस, जेरार्डचं हेडर. पुढचे दोन गोल क्रॉसवर नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. स्मिचेरचा लांबून मारलेला फटका होता, आणि तिसरा गातुसोने जेरार्डला बॉक्समध्ये पाडल्यामुळे मिळालेल्या पेनल्टीतून आला. पण सहा मिनिटांत तीन गोल झाले, ते मिलानच्या चौघांना एकाच वेळी मध्य आणि कडा दोन्ही सांभाळायला लागल्यावर. आणि शेवटी मिलाननेच काय केलं? सेडॉर्फला काढून सर्जिन्योला डाव्या कडेवर उतरवलं. लगेच जेरार्डला उजव्या कडेवर बचावाला जावं लागलं. कड वापरताच समोरचा सर्वांत धोकादायक माणूस गोलपासून लांब गेला.

चिठ्ठी आली आहे, आठ मिनिटं उरलीत. जाहीर केलेला विषय तर आता सुरू होतोय, तेव्हा भरभर घेतो.

डायमंड कधी? फुलबॅक पूर्ण वेळ वर-खाली करू शकतात तेव्हा, कारण हल्ल्यात सगळी रुंदी तेच देतात. मैदान आखूड असेल तेव्हा. समोर दोनच सेंटर मिडफिल्डर असतील आणि तुमच्याकडे टोकावर वळून पास देणारा खरा खेळाडू असेल तेव्हा. तो नसेल तर डायमंड मांडू नका, नुसती गर्दी होईल.

सरळ ओळ कधी? मैदान रुंद, मुलं थकलेली, किंवा आघाडी राखायची असेल तेव्हा. जागा वाटून दिलेल्या असतात, चौघं एकत्र सरकतात, शिकवायला सोपं. पण बॉल जवळ असताना पास आडवे जातात, आणि आडवा पास मध्येच तोडला गेला की दोघं एकदम बाद. आणि पाठीमागचा तो पट्टा. त्यावर उपाय दोन. एक, सगळा संघ आखडून ठेवायचा. साकींचा मिलान शेवटच्या बचावपटूपासून स्ट्रायकरपर्यंत पंचवीस मीटरांत मावायचा, म्हणजे काकासारख्याला वळायला जागाच नाही. दोन, मध्ये दोन माणसांचं काम करणारा एक कांते असणं. २०१५-१६ मध्ये लेस्टर याच साध्या चार-चार-दोनवर प्रीमियर लीग जिंकलं, पण ड्रिंकवॉटरच्या शेजारी कांते होता. तो पुढच्या मोसमात चेल्सीला गेला आणि तीच ओळ तितकी घट्ट राहिली नाही.

शेवटचं, कारण आता घंटी वाजणार. दोन्हींपैकी एकच निवडायला हवं असं नाही. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर आम्ही डायमंडने सुरुवात केली. पण खुणेवर टोकावरचा मुलगा उजव्या कडेला जायचा, डावा शटलर डाव्या कडेला, आणि उजवा शटलर आत सरकून मागच्या टोकाशेजारी उभा राहायचा. तीन माणसं हलली की सरळ ओळ तयार. हे आम्ही पंचेचाळीस मीटरच्या जागेत नाही, तर पहाटे साडेपाचला, क्रिकेटवाले यायच्या आधी, पूर्ण रुंदीला बारा शंकू लावून शिकलो. खूण कोण करायचं माहीत आहे? तोच उजवा फुलबॅक. त्याच्यासमोर दुसरा माणूस आला की हात वर करायचा, बस. त्या मॅचमध्ये त्याने तिसाव्या मिनिटाला हात वर केला.