गल्ला जुळला म्हणजे झालं?

ही रात्रीची वेळ, शटर अर्धं खाली आलंय आणि कॅशियर गल्ला मोजतोय. समोर स्क्रीनवर बघा, किती रोकड निघायला पाहिजे तो आकडा त्याला आधीच दिसतोय. मोजून झालं, जुळलं, सही झाली. चार दुकानांच्या या साखळीत मालकाचा सगळा भरवसा या एका सहीवर होता.

आता हे कार्ड बघा, काउंटरच्या खाली खिळ्याला अडकवलेलं. हे मॅनेजरचं. बिल रद्द करायचं तर हेच लागतं, पण रांग वाढली की दरवेळी मॅनेजरला कोण बोलावणार, म्हणून ते इथेच असतं. गिऱ्हाईक रोख देऊन निघून जातं, दहा मिनिटांनी तेच बिल रद्द होतं, मशीन तेवढी रक्कम अपेक्षित रोकडीतून वजा करतं आणि तेवढ्याच नोटा खिशात जातात. म्हणून तर गल्ला जुळतो! चोरी होऊनही जुळतो.

सापडलं ते रद्द बिलांच्या यादीत. सगळी रोखीची, बहुतेक दुकान बंद व्हायच्या तासाभरातली, आणि काही तर मॅनेजरची साप्ताहिक सुट्टी होती त्या दिवशीची, तिच्याच कार्डावर.

डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने तुरुंगातल्या अफरातफर केलेल्या लोकांशी बोलून १९५३ साली मांडलं की माणसावर कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण असते, गुपचूप हात मारायची वाट दिसते आणि स्वतःला पटेल असं कारणही तयार असतं. दबाव, संधी, समर्थन.

पहिलं आणि तिसरं माणसाच्या आत असतं, ते कॅमेऱ्यात येत नाही असं आम्हालाही वाटत होतं, पण भिंतीवरचा हा कागद वाचा: गल्ल्यात कमी पडलं तर पगारातून कापणार. म्हणजे गर्दीत सुट्टे चुकले तरी भरायचं कॅशियरनेच. मग जास्त निघालेले पैसे तो बाजूला ठेवायला लागतो, पुढच्या तुटीसाठी, आणि एक दिवस 'माझेच कापलेले परत घेतोय' हे म्हणायला फार लांब जावं लागत नाही. हा नियम मालकाने लिहिलाय, कॅशियरने नाही.

आता मोजताना स्क्रीनवर आकडा दिसत नाही. कॅशियर आधी स्वतःची मोजणी लिहितो, मग दुसरं कुणीतरी ती मशीनशी ताडून बघतं. छोटी तूट फक्त नोंदवतात, कापत नाहीत, त्यामुळे रोज थोडंफार इकडेतिकडे होतं आणि ते बरंच आहे, कारण महिनाभर एकदाही फरक न आलेला गल्ला आता तपासायला घेतात. कार्ड गेलं, प्रत्येक मॅनेजरला स्वतःचा पिन आहे, आणि रद्द बिलांची यादी दर आठवड्याला दुसऱ्या दुकानातला माणूस बघतो.

मॅनेजर आणि कॅशियर दोघं मिळाले तर यातलं बरंचसं फिकं पडतं. बिलच फाडलं नाही तर या यादीत काहीच येत नाही, तिथे माल मोजावा लागतो.

त्या कॅशियरची नोकरी गेली. कागद भिंतीवरून काढला तो त्यानंतर.