घरातला कोळी : कोणता राहू द्यावा, कोणता काढावा

श्रोतेहो, नमस्कार.

नवरात्राच्या तोंडावर सोलापुरात घरोघरी लांब काठीला केरसुणी बांधली जाते आणि छताच्या कोपऱ्यांची झाडाझडती सुरू होते. जळमटं खाली येतात आणि त्यांच्याबरोबर कोळीही. जळमटं काढायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण जळमट म्हणजे धूळ बसलेलं, सोडून दिलेलं जाळं. त्यात बहुतेक वेळा कोणी राहत नसतं. राहता कोळी शेजारच्या स्वच्छ, जेमतेम दिसणाऱ्या धाग्यांवर असतो. केरसुणी फिरवण्याआधी तो कोण आहे हे ओळखता आलं, तर घरातले डास आणि झुरळं खाणारा जीव आपण फुकट घालवणार नाही.

आधी कोळ्यावरचा एक जुना आळ दूर करू. पावसाळ्याच्या शेवटी मानेवर, गालावर किंवा हातावर सकाळी लाल, जळजळणारा पट्टा उठतो, त्यावर बारीक फोड येतात आणि घरातलं कोणीतरी सांगतं, "कोळी मुतला." कोळ्याच्या अंगात असं भाजणारं काही नसतं. हा पट्टा उठवतो तो एक किडा. मुंगीसारखा लांबट, जेमतेम एक सेंटिमीटरचा. डोकं काळं, मधला भाग नारिंगी, पाठीवर आखूड निळसर पंखांचं झाकण आणि शेपटीचं टोक पुन्हा काळं. चालताना तो शेपूट वर उचलतो. ओल्या जमिनीत वाढतो आणि रात्री ट्यूबलाइटच्या उजेडाला येतो. तो चावत नाही, नांगी मारत नाही. मानेवर बसला की झोपेत आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला रस कातडीवर पसरतो. म्हणून डाग पट्ट्यासारखा उठतो, तोही लगेच नाही, साधारण एका दिवसानं. कोपराच्या घडीत चिरडला तर समोरासमोर दोन सारखे डाग दिसतात. हा किडा अंगावर दिसला तर फुंकून उडवा आणि ती जागा साबणाच्या पाण्यानं धुवा. रस डोळ्याजवळ गेला असेल तर डॉक्टरांना दाखवा. कोळी मारून मात्र हे फोड थांबणार नाहीत. झोपताना खिडकीजवळचा दिवा बंद केला तर थांबतील.

आता ज्याला पाहून माणसं स्टुलावर चढतात तो कोळी. तपकिरी, चपटा, पाय पसरले तर तळहाताएवढा. पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले, त्यामुळे तो भिंतीवर सपाट चिकटल्यासारखा दिसतो आणि तिरकाही पळतो. जाळं विणत नाही. दिवसभर कॅलेंडरमागे, फोटोच्या चौकटीमागे किंवा दाराच्या फटीत बसतो आणि दिवे मालवले की बाहेर पडतो. मादीच्या डोळ्यांखाली, तोंडाच्या वर, फिकट साईच्या रंगाची आडवी पट्टी असते. नर अंगानं बारीक, पण पाय जास्त लांब. आकार पाहून हाच सगळ्यांत विषारी असं वाटतं, आणि मार खातो तोही हाच. खरं तर माणूस दिसला की तो पळतो. कपड्यात किंवा हाताखाली दाबला गेला तरच चावतो. तेव्हा गांधीलमाशी डसल्यासारखं दुखतं आणि काही तासांत ओसरतं.

त्याचं मुख्य खाणं झुरळ. तो घरात आहे हे तो न दिसताही कळतं. सकाळी कॅलेंडरखाली फरशीवर झुरळाचे तपकिरी पंख, एखाद-दुसरा पाय आणि चघळून टाकलेली काळपट गोळी पडलेली असते. कधी चौकटीमागे अख्खा कोळी मेलेला सापडतो, पण फुंकर मारली की कागदासारखा उडतो. नीट पाहिलं तर पाठीवरचं झाकण डबीसारखं उघडलेलं दिसतं. ती त्याची कात. तो मेलेला नसतो, मोठा होऊन शेजारीच कुठेतरी बसलेला असतो.

मादी कधी पोटाखाली चपटी, पांढुरकी टिकली धरून फिरते. ती अंड्यांची पिशवी, तिच्यात दोनशेच्या आसपास अंडी असू शकतात. घरात पिल्लं नको असतील तर मादीला त्या वेळी बाहेर सोडावं. राहिली तरी घर कोळ्यांनी भरत नाही, कारण पिल्लं एकमेकांना खातात, पाली त्यांना खातात आणि बाकीची पांगतात.

स्वयंपाकघराचंच उदाहरण घेऊ. समजा रात्री दिवा लावल्यावर ओट्यापाशी एखाद-दुसरं झुरळ पळताना दिसतं. ही झुरळं मोरीच्या जाळीतून वर येतात. मोरीच्या तोंडावर बारीक छिद्रांची जाळी घट्ट बसवा, निजण्यापूर्वी सिंक आणि मोरी फडक्यानं कोरडी करा, खरकट्याचा डबा झाकून ठेवा. त्यातूनही जी चुकार येतील त्यांच्यासाठी एक मोठा कोळी पुरतो. पण दिवा लावताच पंधरा-वीस झुरळं सैरावैरा धावत असतील, तर कोळ्याच्या भरवशावर बसू नका. तो पोट भरेल इतकंच मारतो, आणि पोट भरल्यावर काही दिवस नुसता बसूनही राहतो. अशा घरात झुरळांची जेल वापरावी. ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके ओट्याच्या फटीत, बिजागरीमागे, फ्रिजच्या मोटरपाशी लावावेत. कोळी जिवंत शिकार धरतो, जेल चाटत नाही. विष खाल्लेलं झुरळ त्यानं पकडलं तर थोडा धोका राहतो, पण फवाऱ्याइतका नाही. फवारा मारला की उघड्या भिंतीवरचा कोळी मरतो. फटीत चिकटवलेली झुरळाची अंड्यांची डबी मात्र सुखरूप राहते. मोठ्या लाल झुरळाच्या एका डबीत १४ ते १६ अंडी असतात. ती फुटतात तेव्हा त्यांना खाणारा घरात उरलेला नसतो.

दुसरा पाहुणा छताच्या कोपऱ्यात उलटा टांगलेला. अंग तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, पाय केसासारखे बारीक आणि लांबच लांब, गुडघ्यांवर पांढरे ठिपके. बोट जवळ नेलं की तो सगळं जाळं इतक्या वेगानं हलवतो की स्वतः धूसर दिसायला लागतो. ही त्याची घाबरल्याची खूण. हा जगातला सगळ्यात विषारी कोळी, फक्त दात छोटे, असं मोबाइलवर फिरत असतं. त्याला कसलाही आधार नाही. त्याच्या जाळ्याखाली वाळलेले डास आणि चिलटं सापडतात. मादी अंड्यांचा घोसका तोंडात धरून बसते, टॉर्च मारली की एकेक अंडं मोजता येतं.

डेंग्यूचा डास दिवसा पलंगाखाली, कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांच्या सावलीत बसतो, आणि नेमकी तिथेच या लांबपाय्याची जाळी असतात. म्हणून कपाटामागची एक-दोन स्वच्छ जाळी राहू द्यायला हरकत नाही. पण सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, पिंपं भरून ठेवावी लागतात, आणि डास वाढतो तो पिंपात. अंडं ते उडणारा डास, साधारण आठ-दहा दिवस. आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून आतली कड काथ्यानं घासली नाही, तर कडेला चिकटलेली अंडी नव्या पाण्यात पुन्हा फुटतात. तिथे कोळ्याचा काही उपयोग नाही.

खिडकीच्या गजावर उड्या मारणारा, मान वळवून आपल्याकडे बघतोय असं वाटणारा छोटा कोळी माश्या टिपतो. त्याला खुशाल राहू द्या.

मग धोक्याचा कोणता? असे कोळी सहसा माजघरात भेटत नाहीत. विटांचा ढीग, गच्चीवरची पत्र्याची अडगळ, कुंडीची खालची कड, अंगणातल्या खुर्चीचा तळ आणि बरेच दिवस न घातलेला बूट, या त्यांच्या जागा. त्यांच्यात लक्षात ठेवण्यासारखा विधवा कोळ्यांचा गट. भारतातून तपकिरी विधवा कोळ्याची पहिली नोंद २००७ मध्ये झाली. त्याचं पोट मण्यासारखं गोल, पायांवर गडद-फिकट पट्टे, आणि पोटाच्या खालच्या बाजूला नारिंगी डमरूची खूण. खूण खालून असल्यानं वरून पाहून ओळखू येत नाही. पण त्याच्या अंड्यांची पिशवी ओळखायला सोपी. हरभऱ्याएवढी गोल, फिकट पिवळसर, आणि सगळीकडून बारीक टोकं आलेली, धोत्र्याचं फळ छोटं केल्यासारखी. जमिनीलगत विस्कटलेलं जाळं, काडीनं ओढलं तर चरचर करत तुटणारे चिवट धागे आणि त्यात असं काटेरी फळ दिसलं, तर तिथे हात घालू नका. जाड हातमोजे घालून काडीनं जाळं गुंडाळा आणि पिशव्यांसकट साबणाच्या पाण्यात बुडवा. गफलत होते ती घरातल्या एका छोट्या लालसर, गोल पोटाच्या कोळ्याशी. तो भिंतीच्या कडेला, खिडकीच्या कोपऱ्यात असतो. त्याच्या पोटाखाली डमरू नसतं आणि अंड्यांच्या पिशवीवर टोकं नसतात.

केसाळ, जाड पायांचे मोठे कोळी जमिनीतल्या बिळात किंवा झाडाच्या ढोलीत राहतात. पावसाळ्यात नर भटकत एखाद्या शेतातल्या घरात शिरतो. त्याला हात लावू नये. काही जातींच्या चाव्यानं अंगात पेटके येतात.

चावा कोणाचाही असो, जागा साबणानं धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा. चिरू नका, आवळून बांधू नका. दुखणं चाव्याच्या जागेवरून पोटाकडे किंवा पाठीकडे सरकलं, दरदरून घाम सुटला, पोट लाकडासारखं कडक झालं किंवा उलटी झाली, तर १०८ ला फोन करा. आपल्या कोरड्या मुलखात याच लक्षणांमागे लाल विंचू असण्याचा संभव कोळ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. लहान मुलाच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही पाहू नये.

आता झाडलोटीकडे. काठी उचलण्याआधी टॉर्च घ्या आणि कोपरे पाहा. काळपट, धुळीनं लोंबणारं असेल ते काढा. देव्हारा, पाळणा आणि ओट्याच्या वरच्या जागा पूर्ण मोकळ्या करा, तिथे कोळी ठेवण्याचं काही कारण नाही. मोठा कोळी नकोच असेल तर रुंद तोंडाची पारदर्शक बरणी हळूच त्याच्यावर उपडी ठेवा. पाय कडेत सापडू देऊ नका, कारण तुटला तर तो पुढच्या काती टाकताना कुठे पुन्हा वाढतो. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद भिंत आणि बरणीच्या मधून सरकवा, झाकण धरल्यासारखा धरा आणि अंधार पडल्यावर न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर सोडा. भर दुपारी तापलेल्या गच्चीवर सोडू नका.

नमस्कार.