एक कड, दोन साठ

जॉन कॅनी यांनी १९८६ साली मांडलेली कडा शोधण्याची पद्धत आज एका चिमुकल्या चित्रावर हाताने करून पाहू. चित्र पाच ओळींचं, सहा स्तंभांचं. प्रत्येक आकडा म्हणजे एका पिक्सेलचा उजळपणा. पहिली ओळ अशी:

```
१० १० १० ९० ९० ९०
```

कड तिसऱ्या आणि चौथ्या पिक्सेलच्या मध्ये आहे, हे डोळ्यांना दिसतंच. पण खऱ्या फोटोत मधूनच एखादा ३७ टपकलेला असतो आणि तोही कड म्हणून मिरवतो. म्हणून आधी चित्र थोडं पुसट करायचं. एरवी त्यासाठी गॉसियन वापरतात; आपण १, २, १ अशी वजनं घेऊन चारने भागू, तेही फक्त आडवं:

```
१० १० ३० ७० ९० ९०
```

आता प्रत्येक जागी उजव्या शेजाऱ्यातून डावा वजा करा. मधल्या चार पिक्सेलना २०, ६०, ६०, २० मिळतात. हा झाला ग्रेडियंट. कड एकच, पण चार पिक्सेल जाड!

ती बारीक करायची तर प्रत्येक पिक्सेलने ग्रेडियंटच्या दिशेतल्या दोन शेजाऱ्यांशी तुलना करायची. त्यांच्यापेक्षा कमी असेल तर बाद. ग्रेडियंट कडेला काटकोनात असतो. आपली कड उभी, म्हणून तुलना आडवी. इथे पुष्कळांचा घोळ होतो: कडेच्याच दिशेने तुलना केली की रेषा जाड राहते आणि शिवाय तुटते. उभ्या-आडव्या रेषा छान, पण तिरक्याच बिघडल्या, तर y खाली वाढतो हे विसरून ४५ आणि १३५ अंशांची अदलाबदल झाली आहे, असं समजा.

आता हे दोन साठ. ‘दोघांपेक्षा काटेकोर मोठा’ असा नियम लावला तर दोन्ही बाद, कडच गायब. ‘मोठा किंवा समान’ म्हटलं तर दोन्ही राहतात. तोडगा साधा आहे: डाव्यापेक्षा मोठा हवा, उजव्याइतका असला तरी चालेल. मग तिसरा पिक्सेल राहतो, चौथा जातो.

खालच्या ओळींत उजवी बाजू काळवंडत जाते. उभा फरक हिशेबाबाहेर ठेवला, तर तिसऱ्या स्तंभात वरून खाली ६०, ६०, ३०, २४, १२ उरतात. शिवाय दूर कोपऱ्यात डागामुळे आलेला एक एकटा ३० आहे, असं धरू. एकच थ्रेशोल्ड, म्हणजे किमान मर्यादा, ५० ठेवला तर रेषा दोन ओळींतच संपते. २० ठेवला तर तो डागही आत येतो. म्हणून दोन घ्यायचे, ५० आणि २०. वरचा खालच्याच्या दुप्पट-तिप्पट असावा, हा कॅनींचाच सल्ला. दोन्ही साठ पक्के. ३० पक्क्याला चिकटलेला, म्हणून राहतो. २४ त्या ३० च्या आधाराने राहतो. कोपऱ्यातल्या ३० ला कुणाचा आधार नाही, तो जातो. १२ तर वीसच्याही खाली.

समजा, सहावी ओळ असती आणि तिथे पुन्हा ३० आला असता, तरी तो गेलाच असता. साखळी १२ वर तुटली, आणि दोन थ्रेशोल्डची ही रीत, म्हणजे हिस्टेरिसिस, खड्डा ओलांडून उडी मारत नाही.